चाळीस चौपाया आणि दोन वार

आमच्या घरात मारुतीचे वार दोन आहेत. आजीचा शनिवार आणि बाबांचा मंगळवार. आजी लग्न होऊन साताऱ्याकडून इंदूरला आली. येताना समर्थांचं मारुतीस्तोत्र, रुईच्या पानांची माळ आणि शनिवारचं तेल असा सगळा सरंजाम सोबत घेऊन आली. बाबा इंदूरमध्येच वाढले. त्यांचे मित्र उज्जैन, देवास, कानपूरकडचे. त्यामुळे त्यांनी हनुमान चालीसा धरला आणि मंगळवारी रणजीत हनुमानाच्या दर्शनाला जायची सवय लावून घेतली. लहानपणी मला बरीच वर्षं वाटायचं की मारुती आणि हनुमानजी हे दोन वेगळे देव आहेत. एक मराठी बोलतो, दुसरा हिंदी.

चालीसा मला कधी पाठ झाला हे आठवत नाही. पाढ्यांसारखाच तो कानावर पडून डोक्यात बसला. इंजिनिअरिंगच्या परीक्षांना म्हटला, पहिल्या मुलाखतीच्या आधी म्हटला, रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडल्यावरही म्हटला आहे. अर्थ विचारला असतात तर मात्र चार ओळींपुढे गेलो नसतो.

ती वेळ गेल्या वर्षी आली. एका मंगळवारी सकाळी बाबा नेहमीप्रमाणे देवघरात बसून मोठ्याने चालीसा म्हणत होते. आई स्वयंपाकघरात होती. मध्येच बाबांचा आवाज थांबला. आईला वाटलं, आता मनातल्या मनात म्हणताहेत. अर्ध्या तासाने ती चहा घेऊन गेली तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि तेही जितकं लवकर तितकं बरं. आम्ही वेळेत पोहोचलो, पण तो अर्धा तास आईच्या मनातून अजून गेलेला नाही. म्हणून मंडळी, हे आधीच सांगतो: घरात कुणी मोठ्याने पाठ करत असेल आणि आवाज मध्येच तुटला, तर उठून बघा. तोंड वाकडं दिसणं, एक हात वर न उचलणं, शब्द अडखळणं, यातलं एकही लक्षण दिसलं तर गाडी काढा.

हात हळूहळू परत आला. बोलणं आलं नाही. समोरचं सगळं कळायचं, पण शब्द सापडायचा नाही. मला हाक मारायची असली तरी 'ते... ते...' एवढंच. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी तिसऱ्या आठवड्यात विचारलं, "यांना पाठ काय काय येतं?" मी म्हणालो, "चालीसा." त्या म्हणाल्या, "सुरू करा." मी पहिला दोहा सुरू केला आणि दुसऱ्या शब्दाला बाबा सोबत आले. ज्या माणसाला पाणी हा शब्द मागता येत नव्हता, त्याने आठ-दहा चौपाया म्हटल्या. आई दाराशी उभी राहून रडत होती. बाईंनी नंतर समजावलं की आकडे मोजणं, प्रार्थना, गाणी अशा वर्षानुवर्षं घोटलेल्या गोष्टी मेंदूतल्या वेगळ्या वाटेने येतात. नवं वाक्य जुळवण्याची वाट बंद झाली तरी ही वाट पुष्कळदा उघडी राहते. म्हणजे बोलणं परत आलं असं नाही, पण जीभ आणि ओठ चालवायला एक दोरी सापडली. त्यांनी गृहपाठ दिला: रोज एक-एक ओळ, सावकाश, शब्द तोडून, आणि प्रत्येक शब्दावर थोडं बोलायचं. शब्दावर बोलायचं तर अर्थ माहीत पाहिजे. अशी माझी शिकवणी सुरू झाली.

रचनेपासून सुरुवात करतो. नावात चाळीस असले तरी एकूण कडवी त्रेचाळीस आहेत: सुरुवातीला दोन दोहे, मग चाळीस चौपाया, शेवटी एक दोहा. भाषा अवधी. शेवटच्या चौपाईत तुलसीदासांचं नाव आहे आणि परंपरा त्यांनाच कर्ते मानते. काही अभ्यासकांना ते पटत नाही. पहिला दोहा मात्र 'रामचरितमानसा'च्या अयोध्याकांडाच्या आरंभी जसाच्या तसा आहे. तुलसीदासांनी मानस लिहायला घेतलं 1574 मध्ये, आणि ते गेले 1623 साली. आपले समर्थ रामदास जन्मले 1608 मध्ये. म्हणजे तुलसीदास गेले तेव्हा समर्थ पंधरा वर्षांचे होते. आजीचं स्तोत्र आणि बाबांचा चालीसा यांच्यामध्ये फार मोठं अंतर नाही, हे मी आजीला सांगितलं तेव्हा तिला फार बरं वाटलं. "मग भांडण कसलं?" म्हणाली. भांडण कधी नव्हतंच, पण असो.

आपल्या मराठी माणसाची खरी अडचण पुढे येते. अवधी शब्द ओळखीचे वाटतात आणि तिथेच फसगत होते. चौथ्या चौपाईत मारुतीच्या रूपाचं वर्णन आहे: सोन्यासारखी कांती, चांगला वेश, कुंडलं, कुरळे केस. तिथे 'कानन' असा शब्द आहे. संस्कृत शिकलेल्या माणसाला कानन म्हणजे अरण्य. मी इतकी वर्षं अरण्यातलं काहीतरी समजत होतो. अवधीत ते 'कान'चं अनेकवचन आहे, कानांमध्ये कुंडलं, इतकं साधं. नवव्या चौपाईत 'बिकट' येतं. मराठीत बिकट म्हणजे अवघड. इथे ते अक्राळविक्राळ या अर्थी आहे. सीतेसमोर जाताना त्याने लहानसं रूप घेतलं आणि लंका जाळताना अक्राळविक्राळ, असं ते कडवं सांगतं. एकविसाव्यातला 'पैसारे' हा तर सगळ्यांत गमतीचा. रामाच्या दारी तुम्ही राखणदार आहात, तुमच्या आज्ञेशिवाय आत जाता येत नाही, असा अर्थ. पैसार म्हणजे प्रवेश. पण आमच्या सोसायटीत एक काका दर वेळी हसून म्हणतात की बघा, देवाच्या दारीही पैशाशिवाय काम होत नाही. बाबा आजारी पडण्याआधी त्यावर मनापासून चिडायचे.

या नवव्या कडव्यावर आम्ही सगळ्यांत जास्त दिवस काढले. नववं, दहावं आणि अकरावं एकत्र वाचली की एकाच मारुतीची तीन-चार रूपं समोर येतात. सीतेला धीर द्यायचा तर तो लहान होतो, नाहीतर ती घाबरली असती. लंकेत दहशत बसवायची तर भयंकर होतो. राक्षसांशी लढताना प्रचंड होतो. लक्ष्मणासाठी औषधी आणायची तर ते आणखी वेगळं काम. ताकद तीच, पण कुणासमोर किती दाखवायची हे त्याला कळतं. सातव्या कडव्यात त्याला विद्वान, गुणी आणि चतुर म्हटलं आहे, ते याच्यासाठी असावं असं मला वाटतं. जिममध्ये भिंतीवर छाती फुगवलेला हनुमान रंगवतात, त्यात हे लहान होणं कुठेच नसतं.

आणि सुरुवात तर त्याहून वेगळी आहे. पहिल्या दोह्यात म्हणणारा माणूस गुरूच्या पायधुळीने मनाचा आरसा पुसून घेतो. दुसऱ्यात सरळ कबूल करतो की मला अक्कल नाही, आणि मग तीन गोष्टी मागतो: बळ, बुद्धी, विद्या. पैसा, मुलगा, नोकरी यातलं काही मागत नाही. संकट, रोग, भूतबाधा हे सगळं येतं ते चोविसाव्या कडव्यापासून पुढे. बहुतेक लोकांना, मलासुद्धा, तेवढंच पाठ असल्यासारखं असतं. रामायणात समुद्रकाठी सगळे वानर उडीच्या गोष्टी करत असताना हनुमान गप्प बसलेला असतो. जांबवान येऊन त्याला तो कोण आहे ते सांगतो, तेव्हा कुठे तो उठतो. लहानपणी ऋषींना त्रास दिल्यामुळे, कुणी आठवण करून दिल्याशिवाय स्वतःचं बळ आठवणार नाही, असा शाप त्याला होता, अशी कथा उत्तरकांडात आहे. पहिल्या वीसेक कडव्यांतली स्तुती मला आता त्या जांबवानाच्या बोलण्यासारखी ऐकू येते: तू हे केलंस, तू ते केलंस, तू आणलीस, तू ओलांडलंस. बाबांसमोर बसून हे म्हणताना कोण कुणाला आठवण देतंय हे काही वेळा मला कळत नसे.

अठराव्या कडव्याबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण त्यावरचा एक संदेश दर दोन महिन्यांनी माझ्या फोनवर येतो. त्या कडव्यात हनुमानाने दूरचा सूर्य गोड फळ समजून गिळला असं आहे, आणि ते अंतर युग, सहस्र आणि योजन अशा तीन शब्दांत सांगितलं आहे. संदेश म्हणतो: युग म्हणजे 12,000, सहस्र म्हणजे 1,000, योजन म्हणजे 8 मैल. गुणाकार 9 कोटी 60 लाख मैल. सूर्याचं खरं सरासरी अंतर सुमारे 9 कोटी 30 लाख मैल. बघा, तुलसीदासांना माहीत होतं! आता माझं पोट आकड्यांवर चालतं, म्हणून विचारतो. 12,000 हा आकडा दिव्य वर्षांचा आहे, आणि तोही चारही युगं मिळून. वर्षांना मैलांनी गुणून अंतर कसं मिळणार? योजनही ठरावीक नाही, वेगवेगळ्या ग्रंथांत ते साधारण 5 ते 9 मैल निघतं. 5 घेतलं तर उत्तर 6 कोटी, 9 घेतलं तर जवळजवळ 11 कोटी. उत्तर आधी ठरवून मोजपट्टी निवडली की हिशेब नेहमीच जुळतो. आमच्याकडे नवा मुलगा चाचणी पास व्हावी म्हणून चाचणीच बदलतो, तसंच हे. आपल्या ज्योतिर्गणितात सूर्याचं अंतर होतं, नाही असं नाही. 'सूर्यसिद्धान्ता'त सूर्याच्या कक्षेचा परीघ 43 लाख 31 हजार 500 योजनं दिला आहे, म्हणजे अंतर सात लाख योजनांच्या आत. संदेशातल्या 1 कोटी 20 लाख योजनांशी त्याचा काही संबंध नाही. मला त्या कडव्यात फक्त एक भुकेलं पोर दिसतं, ज्याला सूर्य आंबा वाटला. तेवढं पुरे आहे.

आता वार. चालीसात मंगळवार नाही आणि शनिवारही नाही. अडतिसाव्या कडव्यातला 'बार' म्हणजे वार असं माझ्या मावशीचं मत होतं. पण तिथे तो वेळा या अर्थी आहे आणि 'सत' म्हणजे शंभर: जो शंभर वेळा पाठ करील तो बंधनातून सुटेल. मग वार आले कुठून?

वार मुळात ग्रहांचे आहेत. जुन्या ज्योतिषात ग्रह मंद गतीपासून जलद गतीपर्यंत असे लावतात: शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे चोवीस होरे, प्रत्येक होरा याच क्रमाने एकेका ग्रहाचा, आणि पहिल्या होऱ्याचा ग्रह तो त्या दिवसाचा मालक. शनिवारी पहिला होरा शनीचा, म्हणून आठवा, पंधरावा आणि बाविसावाही शनीचा. तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. पंचविसावा म्हणजे दुसऱ्या दिवशीचा पहिला, तो सूर्याचा. झाला रविवार. चोवीसला सातने भागलं की बाकी तीन उरते, म्हणून दर दिवशी यादीत तीन घरं पुढे जायचं: सूर्यानंतर चंद्र, चंद्रानंतर मंगळ. कागदावर करून बघा, मुलांना फार आवडतं. ही सात वारांची पद्धत आपल्याकडे तशी उशिरा रुळली. वाराचा उल्लेख असलेल्या भारतातल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक आपल्याच मध्य प्रदेशात, सागर जिल्ह्यात एरण इथे आहे. तो बुधगुप्ताच्या काळचा, इ. स. 484 चा, आणि त्यात गुरुवार आहे. वाल्मीकींच्या हनुमानाला वार नव्हता, तो नंतर मिळाला.

या सात मालकांपैकी लोक ज्यांना खरोखर घाबरतात ते दोन: मंगळ आणि शनी. मंगळ तापट, अपघात-भांडणाचा, पत्रिकेत लग्न अडवणारा. शनी मंद आणि लांबणारा. त्याला राशिचक्र फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षं. तुमच्या राशीच्या आधीची, तुमची आणि पुढची अशा तीन राशी म्हणजे साडेसाती. ज्या दिवशी भीती वाटते त्या दिवशी बलवानाच्या पाठीमागे उभं राहायचं, असा हा हिशेब आहे असं मला वाटतं. बाकीच्या कथा त्याभोवती जमल्या. एक कथा सांगते की रावणाने शनीला लंकेत कैद केलं होतं आणि हनुमानाने सोडवलं. दुसरी सांगते की शनी हनुमानाच्या डोक्यावर येऊन बसला, हनुमानाने वर दगड रचले, शनी चिरडला आणि भक्तांना त्रास न देण्याचं वचन देऊन सुटला. अंग ठणकलं म्हणून त्याला तेल लागतं. वाल्मीकी रामायणात यातलं काही नाही. मंगळवारसाठी उत्तरेत सांगतात की त्याचा जन्मच मंगळवारचा. अयोध्येकडे आश्विन वद्य चतुर्दशीला जयंती करतात, आपण चैत्री पौर्णिमेला. लखनौमध्ये ज्येष्ठातले सगळे मंगळवार 'बडा मंगल' म्हणून साजरे होतात, रस्तोरस्ती सरबत आणि पुरी-भाजी वाटतात.

मग महाराष्ट्रात मंगळवार का नाही? माझा अंदाज असा की आपला मंगळवार आधीच भरलेला होता. तो गणपतीचा आणि देवीचा. अंगारकीला गणपतीसमोर लागलेली रांग आठवा. मारुतीला शनिवार मोकळा मिळाला, तेल आणि रुई तिथेच स्थिरावली. आमच्यासारख्या इंदूरकरांनी दोन्ही ठेवले. नुकसान काही नाही, फक्त उपास दोन होतात. त्यातही रक्तदाबाची गोळी उपाशीपोटी नको म्हणून ती उपासाच्या दिवशी चुकवण्याची बाबांची जुनी खोड होती. डॉक्टरांनी विचारल्यावर ती बाहेर आली. आता गोळी साबुदाण्याच्या खिचडीबरोबर जाते.

शंभर पाठांचा विषयही निघाला होता. एका पाठाला सावकाश म्हटलं तर पाच मिनिटं. शंभरचे झाले पाचशे, म्हणजे आठ तास वीस मिनिटं, तेही न उठता. मावशीचा आग्रह होता की दहा नातेवाइकांनी दहा-दहा म्हणावेत. यावर आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर दोन दिवस वाद झाला. कडव्यात क्रियापद एकवचनी आहे एवढंच मी लिहिलं आणि सगळ्यांची बोलणी खाल्ली. आईने कुणाला न विचारता स्वतःचा मार्ग काढला: रोज अकरा, नऊ दिवस, आणि दहाव्या दिवशी एक. त्या पाठांमुळे बाबांना काय झालं हे मी सांगू शकत नाही. आईला त्या दहा दिवसांत पहिल्यांदा सलग झोप लागली, हे मी पाहिलं.

सहा महिन्यांनंतर बाबा पूर्ण चालीसा म्हणतात. चालीसाबाहेरचं बोलणं मागे आहे, पण येतंय: आधी 'पाणी', मग 'नको', मग आईचं नाव. आमची पद्धत अजून तीच आहे. मंगळवारी मी ओळ सुरू करतो, ते पुरी करतात. शनिवारी आजीचं स्तोत्र, त्यात तीच पुढे असते, आणि ब्याण्णवाव्या वर्षी तिचा वेग आम्हा दोघांना झेपत नाही. परवाच्या मंगळवारी एकविसाव्या कडव्यावर पोहोचलो, तेव्हा खालून त्या सोसायटीतल्या काकांचा आवाज आला. बाबा थांबले, खिडकीकडे बघितलं, बराच वेळ शब्द शोधला आणि म्हणाले, "प्रवेश."